दोऱ्याने बोटाचं माप: एक मिलिमीटर चुकला की एक नंबर चुकला

आमच्या पेढीवर आजही अनेक जण कागदाच्या पुडीतून दोऱ्याचं कडं घेऊन येतात. मुलगी परगावी असते, जावई नोकरीच्या ठिकाणी असतात, आजींना दुकानापर्यंत येणं झेपत नाही. मग घरी बोटाला दोरा गुंडाळून गाठ मारतात, कडं अलगद काढतात आणि आमच्यासमोर ठेवतात. ते हातात घेतलं की मला पहिल्यांदा वाईट वाटतं. माणसाने जपून आणलेलं असतं, पण त्या कड्यावरून अंगठी करणं धोक्याचं असतं. खिशात ते दबलेलं असतं, गाठीत दोन-तीन मिलिमीटर दोरा गेलेला असतो, आणि आमच्या निमुळत्या सळईवर चढवताना मी जरा जोर लावला तर ते एक-दोन नंबरांनी सहज मोठं होतं.

दोरा वाईट नाही. घरात मापाच्या कड्यांचा जुडगा नसतो, दोरा असतो. फक्त तो कसा वापरायचा हे ठाऊक हवं, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. दोऱ्याची स्वतःची जाडी मापात शिरते.

आधी नंबराचा हिशेब समजून घेऊ, कारण चूक किती महाग पडते ते त्यावरूनच कळतं. आपल्याकडे रूढ असलेल्या मापात अंगठीचा नंबर म्हणजे तिच्या आतल्या बाजूचा परीघ मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. आतला परीघ ५४ मिमी असेल तर नंबर १४. परीघ ५५ झाला की नंबर १५. म्हणजे परिघात एक मिलिमीटर चुकला की पूर्ण एक नंबर चुकला. व्यासावर मोजायला गेलात तर गणित आणखी नाजूक होतं. परिघाला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, त्यामुळे एका नंबराचा फरक व्यासात जेमतेम ०.३ मिमी असतो. शाळेच्या पट्टीवर तेवढा फरक डोळ्याला दिसतच नाही. म्हणून घरच्या घरी मोजताना परीघच मोजावा.

दोरा कोणता

लोकर नको, इलॅस्टिक नको, नायलॉनची ताणली जाणारी दोरी नको. लोकर बोटाभोवती गुंडाळताना ताणली जाते आणि टेबलावर ठेवली की आखडते. मग माप कमी येतं आणि अंगठी घट्ट होते. पतंगाचा मांजा तर हातातही धरू नका, काचेने बोट कापतं. शिवणाचा अगदी बारीक दोरा ताणला जात नाही, पण तो कातडीत रुततो आणि माप पुन्हा कमी येतं. आमचा अनुभव असा की गोधडी शिवायला जो जाडसर सुती दोरा वापरतात, तो यासाठी चांगला. बोटात रुतत नाही, फारसा ताणला जात नाही आणि त्यावर पेनाची खूण नीट दिसते. तो नसेल तर शिवणाचा दोरा दुहेरी करून, हलका पीळ देऊन वापरा. हातभर लांब तुकडा घ्या.

खुणेसाठी बॉलपेन घ्या. जेलपेनची शाई सुती दोऱ्यात पसरते आणि खूणच मिलिमीटरभर रुंद होते. इथे एक मिलिमीटर म्हणजे काय ते आपण आत्ताच पाहिलं.

दोऱ्याची जाडी किती खाते

बोटाभोवती दोरा गुंडाळला की तो कातडीच्या वर बसतो. टेबलावर सरळ करून आपण जी लांबी मोजतो ती दोऱ्याच्या मधोमध जाणाऱ्या रेषेची असते, बोटाच्या पृष्ठभागाची नसते. दोरा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक वेढ्याला ०.५ गुणिले ३.१४, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी जास्त लांबी आगाऊ मिळते. अंगठी दीड नंबर मोठी! जाड दोऱ्याने मोजलेल्या अंगठ्या सैल का होतात, याचं हे साधं कारण आहे.

दोऱ्याची जाडी पट्टीवर मोजणं अवघड, पण ती मोजायची गरजच नाही. दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिमी असतो, म्हणजे परीघ ८४.८ मिमी. चार-पाच नाणी एकावर एक ठेवून चिमटीत घट्ट धरा, म्हणजे त्यांचा छोटा दंडगोल तयार होईल. त्याच्याभोवती तुमचा दोरा तीन वेढे घ्या. वेढे शेजारी शेजारी बसू द्या, एकावर एक चढू देऊ नका. खुणा करून लांबी मोजा. दोऱ्याला जाडीच नसती तर ती साधारण २५४.५ मिमी आली असती. तुमची जेवढी जास्त येईल तिला तीनाने भागा. तो एका वेढ्यामागचा दोऱ्याचा हिस्सा झाला. गोष्टीतली गंमत अशी की हा हिस्सा नाण्यावर जेवढा असतो तेवढाच बोटावरही असतो, कारण तो फक्त दोऱ्याच्या जाडीवर ठरतो, आतल्या वस्तूच्या आकारावर नाही. एकदा काढला की तोच दोरा घरातल्या सगळ्यांना वापरता येतो.

माप घेणं

एकट्याने करू नका, एका हाताने दोरा धरणं आणि दुसऱ्याने खूण करणं जमत नाही. घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. ज्या बोटात आणि ज्या हातात अंगठी घालायची तेच बोट मोजा. उजव्या हाताची बोटं उजव्या हाताने काम करणाऱ्यांची थोडी जाड असतात, त्यामुळे डावीकडचं माप उजवीकडे चालेलच असं नाही.

वेळ महत्त्वाची आहे. सकाळी उठल्या उठल्या, थंड पाण्यात भांडी घासून झाल्यावर किंवा एसीत बसून मोजलं तर बोट आखडलेलं असतं. उन्हातून आल्यावर किंवा जेवणात लोणचं-पापड भरपूर झालं असेल तेव्हा ते फुगलेलं असतं. संध्याकाळी, हात नेहमीसारखे कोमट असताना मोजा. गरोदरपणात अंगाला सूज असते, त्या काळात घेतलेलं माप बाळंतपणानंतर सैल पडतं. शक्य असेल तर अंगठीचं काम पुढे ढकला.

आता दोऱ्याच्या एका टोकापासून चार बोटं सोडून पहिली खूण करा. ही खूण बोटाच्या वरच्या बाजूला, जिथे अंगठी बसणार तिथे धरा. मदतनीस दोरा तीन वेढे गुंडाळेल, वेढे शेजारी शेजारी, बोटाला लागून पण दाब न देता. दोरा पुन्हा पहिल्या खुणेसमोर आला की तिथे दुसरी खूण. दाब बरोबर होता की नाही हे दोरा सोडल्यावर कळतं. बोटावर वळ उमटला असेल तर दोरा ताणला गेला, ते माप टाकून द्या. गुंडाळलेला दोरा सहज घसरत असेल तर तो ढिला आहे. बोट मऊ असतं आणि थोडा दोरा त्यात बसतोच, पण वळ उमटेपर्यंत नाही.

तीनच वेढे का? एका वेढ्यात पट्टी वाचताना अर्धा मिलिमीटर चूक झाली तर ती पूर्ण मापात उतरते. तीन वेढ्यांत तीच चूक तीनाने भागली जाते. शिवाय तीन वेढ्यांचा पट्टा अंगठीसारखा दाब देतो, एकच दोरा बोटात रुततो.

दोरा काढून टेबलावर सरळ ठेवा. एक टोक चिकटपट्टीने पक्कं करा आणि बोट फिरवून दोरा सरळ करा, ओढू नका. पट्टी ३० सेंटीमीटरची घ्या, कारण तीन वेढ्यांची लांबी १५ सेंटीमीटरच्या पट्टीत मावत नाही. प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य बऱ्याचदा झिजलेला असतो किंवा कडेपासून आत असतो. पहिली खूण १ सेंटीमीटरच्या रेषेवर ठेवा आणि शेवटच्या आकड्यातून १० मिमी वजा करा. पट्टीवरच शंका असेल तर एटीएम कार्ड जवळ ठेवा. त्याची आखूड बाजू ५४ मिमी असते. कार्डावरून पट्टी तपासता येते, आणि योगायोगाने ही बाजू म्हणजे नेमका १४ नंबरच्या अंगठीचा आतला परीघ आहे.

हे सगळं किमान तीनदा करा आणि सरासरी घ्या. सरासरीला तीनाने भागा आणि त्यातून एका वेढ्यामागचा दोऱ्याचा हिस्सा वजा करा. तीन मापांत तीन वेढ्यांमागे पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडत असेल तर कुठेतरी ओढ कमी-जास्त होतेय, पुन्हा करा.

पेराची गाठ

अंगठी बोटाच्या मुळाशी बसते, पण तिथे जाण्यासाठी मधल्या पेराच्या गाठीवरून जावी लागते. तरुण मुलींच्या बोटात हा फरक बहुधा नगण्य असतो. वय झालेल्या, हातांनी कष्ट केलेल्या आणि संधिवात असलेल्या माणसांच्या बोटात गाठ मुळापेक्षा बरीच जाड असते. आमच्याकडे वर्षानुवर्षं जी अंगठी उतरत नाही म्हणून कापावी लागते, ती बहुतेक वेळा मुळाशी मापून केलेली असते. मुळाशी ती चपखल बसते, चढवताना नवीन उत्साहात कशीतरी चढते, आणि चार वर्षांनी सांधा आणखी जाड झाला की अडकते.

म्हणून गाठीवरही याच पद्धतीने तीन वेढे घ्या. दोन मापांतला फरक २ मिमीच्या आत असेल तर मुळाचं माप धरा. त्यापेक्षा जास्त असेल तर दोन्हींच्या मधला आकडा घ्या. गाठ गोल नसते, आडवी रुंद असते, आणि तिच्यावरची कातडी सैल असते. त्यामुळे अंगठी थोडी तिरकी करून, फिरवत नेली की गाठीच्या मापापेक्षा लहान असूनही जाते. फरक ५-६ मिमीच्या पुढे असेल तर मधला आकडाही मुळाशी सैल होईल आणि खडा तळहाताकडे फिरत राहील. अशा वेळी गाठीपुरती मोठी अंगठी करून तिच्या आत सोन्याचे दोन बारीक दाणे बसवून घेता येतात. ते मुळाशी बोटाला टेकून अंगठी धरून ठेवतात. पण अशा बोटाचं माप दोऱ्याने पुरं होत नाही, पेढीवर येऊन कडी घालून पाहावीच लागतात.

एक खरा हिशेब

गेल्या वर्षी संगमनेरच्या एका काकूंनी होणाऱ्या जावयांसाठी साखरपुड्याची अंगठी सांगितली होती. जावई हैदराबादला नोकरीला, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी येणार. माप घ्यायला ते स्वतः आणि त्यांचा खोलीतला मित्र. आम्ही फोनवर सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी आकडे पाठवले.

दोरा जाडसर सुती. दहाच्या नाण्यांभोवती तीन वेढ्यांची लांबी २५८ मिमी आली. अपेक्षित होती २५४.५. म्हणजे साडेतीन जास्त, एका वेढ्याला साधारण १.२ मिमी. उजव्या अनामिकेच्या मुळाशी संध्याकाळी घेतलेली तीन मापं १७८, १७७ आणि १८० मिमी. सरासरी १७८.३, त्याला तीनाने भागलं की ५९.४, त्यातून दोऱ्याचे १.२ वजा केले की ५८.२ मिमी. गाठीवर तीन वेढ्यांची लांबी १८७, म्हणजे एका वेढ्याला ६२.३, वजा १.२, राहिले ६१.१ मिमी.

फरक जवळजवळ ३ मिमी. मधला आकडा ५९.६, पूर्ण आकड्यात ६०. त्यातून ४० गेले, नंबर २०. दोऱ्याची जाडी वजा केली नसती तर मधला आकडा ६०.८ येऊन नंबर २१ झाला असता. नुसतं मुळाचं माप धरलं असतं तर नंबर १८. एकाच बोटाचे, एकाच दोऱ्याने, तीन वेगवेगळे नंबर निघाले असते.

सोनं कापण्याआधी त्यांना आणखी एक काम सांगितलं, आणि ते प्रत्येकाने करावं असा माझा आग्रह आहे. वहीच्या साध्या कागदाची, जेवढी अंगठी रुंद तेवढी रुंद पट्टी कापा. त्यांची अंगठी ४ मिमी रुंद होती, म्हणून ४ मिमीची पट्टी. तिच्यावर ६० मिमी अंतरावर दोन खुणा करा. एक खूण बरोबर दुसरीवर ठेवून चिकटपट्टी लावा, कागदाची अंगठी तयार होईल. ती बोटात घाला. गाठीवर जरा अडून, फिरवल्यावर गेली आणि मुळाशी हाताची मूठ करताना टोचली नाही, तर माप बरोबर. गाठीवरून सटकन घसरली तर १ मिमी कमी करून दुसरी करा. फाटलीच तर १ मिमी वाढवा. त्यांची ६०ची कागदी अंगठी गाठीवर थोडी अडली आणि गेली. आम्ही त्याच मापाची केली.

रुंद अंगठी असेल तर कागदाची ही चाचणी टाळूच नका. ६ मिमीहून रुंद पट्टा बोटाची जास्त जागा व्यापतो, आणि त्याच परिघाची अंगठी घट्ट वाटते. बहुधा अर्धा ते एक नंबर वाढवावा लागतो, पण नक्की किती ते तुमचं बोटच सांगेल.

परदेशातला नंबर

अमेरिकेतल्या नातेवाइकाने स्वतःचा नंबर ९ सांगितला तर तो आपला ९ नव्हे. आपल्या ९चा आतला परीघ ४९ मिमी आणि तिथल्या ९चा साधारण ५९.५, म्हणजे आपल्याकडचा १९-२०. मिलिमीटरवरून अमेरिकन नंबर काढायचा असेल तर परिघातून ३६.५ वजा करून २.५५ ने भागा. वरच्या ६० मिमीच्या अंगठीचा अमेरिकन नंबर ९ आणि पाव येतो. ब्रिटनमध्ये आकड्यांऐवजी अक्षरं असतात. तिथला 'एन' ५४ मिमीच्या आसपास, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला सव्वा मिलिमीटर वाढतो. आपल्याकडच्या सगळ्याच दुकानांतले तक्ते तंतोतंत जुळतात असंही नाही, म्हणून नंबर कळला तरी मिलिमीटर सोडू नका.

मोबाइलवर किंवा छापून मिळणारे अंगठीच्या मापाचे तक्ते वापरणार असाल तर त्यावरही एटीएम कार्ड ठेवून पाहा. पडद्यावर चित्र लहान-मोठं होतं आणि छपाईत पानावर बसवण्यासाठी आकार बदललेला असतो. तक्त्यातलं ५४ मिमीचं अंतर कार्डाशी जुळत नसेल तर तो तक्ता तुमच्या बोटासाठी निरुपयोगी आहे.

बोट मोजता येत नसेल तर

अंगठी गुपचूप द्यायची असेल तर त्या बोटात बसणारी जुनी अंगठी मिळवा. तिचा आतला व्यास पट्टीने मोजायच्या फंदात पडू नका, आधी सांगितल्याप्रमाणे तिथे ०.३ मिमीचा फरक म्हणजे एक नंबर. कागदाची पट्टी गुंडाळून अंगठीच्या आत सोडा, ती आपोआप उलगडून अंगठीच्या आतल्या बाजूला लागेल. त्याच अवस्थेत कागद चिकटवा, अंगठी बाहेर काढा, आणि जिथे कागदाचं टोक आलं तिथे खूण करून कागद उघडून मोजा. इथे दोरा नसल्यामुळे जाडी वजा करायची गरज नाही. मात्र ती अंगठी त्याच बोटातली आहे याची खात्री करा. करंगळीची अंगठी तर्जनीसाठी मोजून आणलेली मी पाहिली आहे.

आणि एक गोष्ट माप घेण्याआधीच ठरवा. साधं सोन्याचं वळं किंवा एक खडा असलेली अंगठी एखाद्या नंबराने लहान-मोठी करता येते. जिच्यावर सभोवार खडे आहेत, तिची वाढवाघटव होत नाही. तशी अंगठी करायची असेल तर दोऱ्याच्या मापावर सोनं कापायला सांगू नका, बोट घेऊन पेढीवर या.

बाकी अंगठ्यांसाठी, गाठ मारलेलं दोऱ्याचं कडं पाठवण्याऐवजी सराफाला फोनवर एवढंच सांगा: कोणतं बोट, कोणता हात, आतला परीघ किती मिलिमीटर, पट्टा किती रुंद. काकूंच्या जावयांचा निरोप असा होता: उजवी अनामिका, आतला परीघ ६० मिमी, रुंदी ४ मिमी, आपल्याकडचा नंबर २०. कारागिराने दुसरं काही विचारलं नाही.